उत्पन्न सुरू होण्यापूर्वीचा खर्च: बांधकामाच्या वर्षांत पैसा कसा सांभाळावा

(हॉटेल, शीतगृह, प्रक्रिया उद्योग असे प्रकल्प उभारणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

प्रकल्प अहवालासाठी येणारे बहुतेक ग्राहक एकूण खर्चाचा आकडा बरोबर घेऊन येतात. मात्र त्यातला कोणता रुपया कोणत्या महिन्यात बाहेर जाणार, याचा तक्ता फारच थोड्यांकडे असतो. बांधकाम तीन वर्षे चालणार असेल आणि त्या काळात एक पैसाही येणार नसेल, तर प्रकल्प तरतो की अडकतो हे याच तक्त्यावर ठरते. पुढील विवेचनासाठी आम्ही एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, स्वतःच्या जागेवर 40 खोल्यांचे हॉटेल बांधायचे आहे. जमीन सोडून खर्च 10 कोटी रुपये असून तो पहिल्या वर्षी 2 कोटी, दुसऱ्या वर्षी 5 कोटी आणि तिसऱ्या वर्षी 3 कोटी असा होणार आहे. मालकाचा हिस्सा 4 कोटी आणि बँकेचे मुदत कर्ज 6 कोटी असून व्याजदर सोयीसाठी 10 टक्के धरला आहे.

आधी कोणाचा पैसा वापरायचा, हा पहिला प्रश्न. मालकाचे 4 कोटी आधी खर्च केले, तर पहिले वर्ष कर्जाविना जाते आणि दुसऱ्या वर्षीही साधारण पाच महिन्यांनीच कर्ज उचलावे लागते. खर्च वर्षभर सारखा होतो असे मानल्यास दुसऱ्या वर्षीचे व्याज सुमारे 9 लाख आणि तिसऱ्या वर्षीचे 45 लाख, म्हणजे एकूण 54 लाख रुपये होते. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल 40:60 या प्रमाणात भागवले, तर तीन वर्षांचे व्याज 6, 27 आणि 51 लाख, म्हणजे 84 लाखांवर जाते. हा 30 लाखांचा फरक संपूर्ण नफा आहे, असे मात्र समजू नये. मालकाचा जो पैसा मागे राहिला असता, त्याने 7 टक्के दराच्या मुदत ठेवीत करापूर्वी सुमारे 21 लाख मिळवले असते, म्हणून खरी बचत 9 लाखांच्या आसपास आहे. तरीही आम्ही स्वहिस्सा आधी घालण्याचाच सल्ला देतो. अनेक बँका तशी अट घालतातच. शिवाय परवानगी रखडली किंवा आराखडा बदलावा लागला, तर त्या काळात डोक्यावर व्याज चढत नाही.

दुसरी बाब म्हणजे हे 54 लाख कोठून येणार? येथे मोराटोरियम या शब्दामुळे मोठा गैरसमज होतो. सवलतीच्या काळात सहसा मुद्दलाचा हप्ता थांबतो. व्याज दरमहा खात्यावर पडतच राहते आणि ते वेळेवर भरावे लागते. 90 दिवसांपेक्षा जास्त थकले, तर हॉटेलची एक खोलीही भाड्याने जाण्यापूर्वी खाते अनुत्पादित ठरू शकते. त्यामुळे बांधकाम काळातील व्याज प्रकल्प खर्चातच दाखवावे आणि त्याची तरतूद मंजुरीपत्रात लिहून घ्यावी. त्या व्याजाचाही काही भाग कर्जातून घ्यायचा ठरला, तर कर्ज वाढते आणि वाढलेल्या कर्जावर पुन्हा व्याज वाढते. तक्ता दोन-तीन वेळा फिरवला की आकडा स्थिर होतो. हे काम अर्ज करण्यापूर्वी करावे, कारण मंजुरीनंतर वाढीव कर्ज मागणे वेळखाऊ आणि महाग पडते. मालमत्ता वापरात येईपर्यंतचे हे व्याज प्राप्तिकरासाठी त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा होत नाही. ते इमारतीच्या व यंत्रांच्या किमतीत मिळवून त्यावर पुढे घसारा घेतला जातो. करबचतीतून व्याज भागेल, ही अपेक्षा म्हणूनच बाळगू नये.

ठेकेदाराच्या करारातील अटीही पैशांची वेळ बदलतात. समजा, कामापूर्वी 10 टक्के आगाऊ रक्कम द्यायची आहे, ती पुढच्या प्रत्येक बिलातून त्याच प्रमाणात वळती होणार आहे आणि 5 टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून राखायची आहे. मग कर वगळून 40 लाखांच्या रनिंग बिलात 4 लाख आगाऊ रकमेपोटी व 2 लाख रिटेन्शनपोटी कापून 34 लाख द्यावे लागतील. म्हणजे पैसा कामाच्या आधी जास्त, मधल्या काळात थोडा कमी आणि राखलेली रक्कम दोषदायित्वाची, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत संपल्यावर, बहुधा हॉटेल सुरू झाल्यानंतर जातो. ही शेवटची रक्कम तक्त्यातून हमखास सुटते. हॉटेलच्या इमारतीच्या बांधकामावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही, म्हणून कोटेशन करासह आहे की कराविना, हे पहिल्याच दिवशी विचारावे. आमच्या उदाहरणातील 10 कोटी करासह आहेत. शिवाय वास्तुविशारदाचा दाखला, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि बँकेची पाहणी होऊन कर्जाची रक्कम खात्यात येईपर्यंत काही आठवडे जातात. ठेकेदार मात्र तेवढा थांबत नाही, त्यामुळे किमान एका महिन्याच्या बिलाएवढी रक्कम सतत हाताशी असावी.

उशिराची किंमत वेगळी मांडावी. आमच्या उदाहरणात पूर्ण कर्ज उचलल्यानंतरचा प्रत्येक महिना 5 लाखांचा आहे. कोकणात जूनपूर्वी पायाचे काम जमिनीवर आले नाही, तर पावसाळ्याचे चार महिने बाहेरचे काम जवळपास बंद पडते; मग सहा महिन्यांचा उशीर ही फार मोठी गोष्ट राहत नाही आणि त्याचे व्याज 30 लाख होते. हप्ते सहसा मंजुरीपत्रातील तारखेपासून सुरू होतात, हॉटेल उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. उद्घाटनानंतर सहा महिन्यांची सवलत धरली असेल, तर ती त्या उशिरातच संपते. तारीख चुकणार हे दिसू लागताच, ती उलटण्यापूर्वी बँकेला लेखी कळवावे. उशिराची चाहूल बिलांवरून लागते: दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत खर्च ठरल्याप्रमाणे साडेचार कोटींवर जाण्याऐवजी तीन कोटींवर घुटमळत असेल, तर ती बचत नव्हे. शेवटी काम बहुधा भिंतींपाशी नाही, तर अग्निशमन दाखला, वीजजोडणी आणि भोगवटा प्रमाणपत्रापाशी अडते. त्याच वेळी नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार सुरू झालेले असतात.

प्रकल्प मुळात करावा की नाही, हे तपासताना गणित वेगळे असते आणि येथे अनुभवी मंडळीही दोन गणिते मिसळतात. गुंतवणुकीवर किमान 12 टक्के परतावा हवा असेल, तर प्रत्येक वर्षाचा खर्च उद्घाटनाच्या दिवसापर्यंत त्या दराने वाढवून पाहावा. वर्षाच्या मध्याला खर्च झाला असे धरल्यास पहिले 2 कोटी सुमारे 2.66 कोटी, मधले 5 कोटी सुमारे 5.93 कोटी आणि शेवटचे 3 कोटी सुमारे 3.17 कोटी होतात. म्हणजे हॉटेलला 10 नव्हे, तर सुमारे 11.76 कोटींच्या गुंतवणुकीवर परतावा द्यावा लागेल. या हिशोबात बँकेचे व्याज पुन्हा मिळवू नये, कारण पैशाची किंमत 12 टक्क्यांत आधीच धरली आहे. याउलट, बँकेला द्यायच्या रोख प्रवाहाच्या तक्त्यात व्याज असलेच पाहिजे. म्हणून हे दोन तक्ते आम्ही स्वतंत्र पानांवर करतो आणि ग्राहकांनीही ते एकमेकांत मिसळू नयेत, असा आमचा आग्रह असतो.

पहिल्या भेटीला येताना ठेकेदाराचे कोटेशन, वास्तुविशारदाचे कामाचे महिनावार वेळापत्रक, स्वहिस्सा कोठे व कोणत्या स्वरूपात आहे याचा तपशील आणि बँकेशी बोलणी झाली असल्यास तिच्या अटींचा मसुदा सोबत आणावा. मुदत ठेव मोडण्याची किंवा जमीन विकून येणाऱ्या पैशांची तारीख अंदाजे असली, तरी ती सांगावी. तक्ता तेथूनच सुरू होतो.