अल्टिमेट ऑसिलेटर

अल्टिमेट ऑसिलेटर हा तांत्रिक विश्लेषणातला एक इंडिकेटर आहे. भावामागचा खरेदीचा जोर तो ७, १४ आणि २८ दिवस अशा तीन कालावधींत मोजतो आणि तिन्हींचा मिळून ० ते १०० मधला एकच आकडा देतो. अमेरिकी ट्रेडर लॅरी विल्यम्स यांनी तो १९७६ मध्ये तयार केला आणि १९८५ मध्ये एका मासिकातल्या लेखातून लोकांपुढे मांडला. आकडा ७० च्या वर गेला की ओव्हरबॉट, म्हणजे खरेदी अति झालेली, आणि ३० च्या खाली गेला की ओव्हरसोल्ड, म्हणजे विक्री अति झालेली, असे सर्वसाधारणपणे मानतात. दिवसाऐवजी तासाची किंवा आठवड्याची कॅन्डल घेतली तरी गणित तेच राहते.

एकाच कालावधीवर चालणाऱ्या ऑसिलेटरची अडचण सगळ्यांना ठाऊक असते. कालावधी छोटा ठेवला तर दोन-चार दिवसांच्या किरकोळ घसरणीतही तो ओव्हरसोल्ड दाखवतो. मोठा ठेवला तर भाव वळून बराच पुढे गेल्यावर जागा होतो. विल्यम्स यांनी यावर तिन्ही कालावधी एकत्र घेण्याचा मार्ग काढला.

सुरुवात होते ती एका दिवसाच्या मोजणीपासून. समजा काल भाव १०० वर बंद झाला. आज तो वरच उघडला, १०२ च्या खाली आला नाही, १०६ पर्यंत गेला आणि १०५ वर बंद झाला. नुसता आजचा नीचांक धरला तर खरेदीदारांनी भाव १०२ वरून १०५ वर नेला, म्हणजे ३ ने चढवला असे दिसेल. पण १०० ते १०२ ही गॅपसुद्धा खरेदीनेच पडली आहे. म्हणून आजचा नीचांक आणि कालचा बंद भाव यांतला कमी असेल तो तळ धरतात. मग खरेदीचा जोर १०५ वजा १००, म्हणजे ५ येतो. दिवसाची खरी रेंज, म्हणजे ट्रू रेंज, १०६ वजा १००, म्हणजे ६. पुढे ७ दिवसांच्या जोरांची बेरीज ७ दिवसांच्या रेंजांच्या बेरजेने भागायची, आणि तसेच १४ व २८ दिवसांसाठी करायचे:

```
BP = Close - min(Low, PrevClose)
TR = max(High, PrevClose) - min(Low, PrevClose)
A7 = sum(BP, 7) / sum(TR, 7)     (A14, A28 तसेच)
UO = 100 * (4*A7 + 2*A14 + A28) / 7
```

स्वतःची शीट बनवणारे इथे हमखास चुकतात. ते रोजचे गुणोत्तर काढून त्याची सरासरी घेतात. तसे केल्यावर जेमतेम हललेल्या दिवसाचे वजन मोठ्या चढउताराच्या दिवसाइतकेच होते. बेरजेला बेरजेने भागले की मोठ्या रेंजचा दिवस आपोआप जास्त बोलतो, आणि तेच अपेक्षित आहे.

४, २ आणि १ ही वजने पाहून ताज्या ७ दिवसांना ५७ टक्के महत्त्व आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते याहून जास्त आहे, कारण हेच ७ दिवस १४ च्या आणि २८ च्या बेरजेतही मोजले जातात. रोजची रेंज सारखी धरली तर ताज्या ७ दिवसांचा वाटा ७५ टक्के येतो, त्याआधीच्या ७ दिवसांचा सुमारे १८ आणि उरलेल्या १४ दिवसांचा सुमारे ७. तेव्हा हा इंडिकेटर मुळात अल्पकालीनच आहे. जुने दिवस त्याला फक्त आवर घालतात. तो आवर किती पडतो, हे एका उदाहरणातून दिसेल.

रोजची रेंज ४ आहे असे धरू. गेल्या ७ दिवसांत भाव घसरला आणि रोजचा जोर १ च राहिला. नुसत्या ७ दिवसांचे गुणोत्तर ०.२५ येते, म्हणजे एकेरी ऑसिलेटर २५ दाखवणार: ओव्हरसोल्ड. आता आधीचे २१ दिवस तेजीचे होते आणि रोजचा जोर २.८ होता असे समजा. १४ दिवसांचे गुणोत्तर ०.४७५, २८ दिवसांचे ०.५८७५, आणि अल्टिमेट ऑसिलेटर सुमारे ३६. तो ३० च्या खाली गेलाच नाही. तेजीतली ही थोडी विश्रांती आहे असे त्याचे म्हणणे. उलट ते २१ दिवस मंदीचे असते आणि रोजचा जोर १.२ असता, तर गुणोत्तरे ०.२७५ आणि ०.२८७५ येऊन आकडा सुमारे २६ झाला असता. शेवटचा आठवडा दोन्हीकडे तोच, तरी इशारा एकीकडेच मिळतो.

पण या दुसऱ्या स्थितीकडे नीट पाहायला हवे. तिन्ही कालावधी एकमताने ओव्हरसोल्ड म्हणतात ते मंदी भरात असताना, आणि तशा मंदीत भाव आणखी खाली जाऊ शकतो. तीन कालावधींचे मिश्रण छोट्या पुलबॅकमधले खोटे इशारे गाळते. जोरदार ट्रेंडमधले गाळत नाही. म्हणूनच विल्यम्स यांनी ३० ला खरेदी आणि ७० ला विक्री असा सरळ नियम दिला नाही. त्यांनी डायव्हर्जन्सची, म्हणजे भाव एका दिशेला आणि ऑसिलेटर दुसऱ्या दिशेला जाण्याची, अट घातली, आणि माझ्या मते या इंडिकेटरचा खरा उपयोग तिथेच आहे.

समजा भाव ९० पर्यंत पडला तेव्हा ऑसिलेटर २४ वर होता. भाव ९७ पर्यंत सावरला, ऑसिलेटर ४६ वर गेला. मग भाव ८७ पर्यंत, म्हणजे आधीच्या तळाच्याही खाली आला, पण ऑसिलेटर ३३ वरच थांबला. भावाचा तळ खाली गेला आणि ऑसिलेटरचा वर आला, पहिला तळ ३० च्या खाली होता, म्हणजे दोन अटी पुऱ्या झाल्या. तरी खरेदी अजून नाही. ऑसिलेटरने मधला ४६ चा माथा ओलांडला की मगच सौदा. ही तिसरी अट वगळण्याचा मोह फार होतो, कारण तोवर भाव तळापासून बराच वर आलेला असतो. पण ती वगळली तर मंदीत एकामागून एक डायव्हर्जन्स दिसत राहतात आणि प्रत्येक वेळी भाव नवा तळ करतो. बाहेर पडायचे ते ऑसिलेटर ७० वर गेल्यावर, किंवा ५० ओलांडून पुन्हा ४५ च्या खाली आल्यावर. विक्रीच्या इशाऱ्याच्या तीन अटी खरेदीच्या अटींच्या उलट, ७० ची रेषा धरून.

डेटातला एक दोष मात्र हे सगळे निकामी करतो. शेअरचे विभाजन होऊन भाव १००० वरून ५०० झाला आणि जुने भाव त्या प्रमाणात बदलून घेतले नाहीत, तर त्या दिवशीची रेंज सुमारे ५१० निघते आणि जोर १० च्या आसपास. आधी रोजची रेंज २० आणि जोर १० असेल, तर ५० वर असलेला ऑसिलेटर एका दिवसात सुमारे १५ वर येतो. आठव्या दिवशी ती कॅन्डल ७ च्या बेरजेतून बाहेर पडते आणि भाव जागचा न हलता आकडा उसळतो. पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशीही तसेच होते. कारणाशिवाय अशी उडी दिसली, तर आधी ७, १४ आणि २८ दिवस मागच्या कॅन्डल तपासाव्यात.