पकड सर्वात घट्ट, तरी रक्तात मागे: एरोबॅक्टिनच्या वादाची पार्श्वभूमी

क्लेबसिएला न्यूमोनिया या जंतूचे अतिआक्रमक प्रकार ओळखताना हल्ली `iucA` हा जीन तपासतात. तो एरोबॅक्टिन या सिडेरोफोरच्या निर्मितीतला आहे. बॅक्टेरिया लोह खेचायला बाहेर सोडतात ते रेणू म्हणजे सिडेरोफोर, आणि त्यांच्या यादीत एरोबॅक्टिन फारसं ताकदवान मानलं जात नसे. मग तपासणीसाठी नेमकं तेच का निवडलं गेलं, याचं उत्तर चाळीसेक वर्षं जुन्या वादात आहे.

लोह दडवून ठेवणं हे शरीराचं संरक्षण असू शकतं, ही कल्पना १९४० च्या दशकातली. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात शिगेला हा हगवणीचा जंतू वाढत नाही आणि लोह घातलं की वाढू लागतो, हे १९४४ मध्ये दिसलं. दोन वर्षांनी मानवी प्लाझ्मातही तसाच अडथळा सापडला. तो म्हणजे ट्रान्सफेरिन. हे प्रथिन मोकळं लोह इतकं टिपून घेतं की सीरमच्या एका लिटरमध्ये सरासरी एक मुक्त फेरिक आयनही उरत नाही, असा हिशेब निघतो. गंमत म्हणजे निरोगी माणसाच्या ट्रान्सफेरिनच्या सुमारे दोन तृतीयांश जागा रिकाम्याच असतात. थोडं लोह सुटलंच तर ते उचलायला.

१९७० मध्ये ई. कोलाय आणि साल्मोनेलातून एकच सिडेरोफोर दोन वेगवेगळ्या गटांनी वेगळा केला. एकाने त्याला एन्टेरोकेलिन म्हटलं, दुसऱ्याने एन्टेरोबॅक्टिन. लोहाशी त्याचा बंधन-स्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट याचं माप, आधी १० चा ५२ वा घात सांगितला गेला, पुढे तो ४९ वर आला. एरोबॅक्टिनचा आकडा २३ च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निकाल लागलाच, असं वाटतं. पाठ्यपुस्तकांनी तोच लावला.

पण १९७९ मध्ये गाडी अडली. रक्तात शिरणाऱ्या ई. कोलायमध्ये ColV नावाचं प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वेगळं कडं, वारंवार सापडत होतं. त्यावर कोलिसिन व्ही या इतर बॅक्टेरियांना मारणाऱ्या विषाचा जीन असतो, म्हणून रोगकारकतेचा दोष विषावर टाकलेला. प्लाझ्मिड असलेले आणि नसलेले जंतू एकत्र करून उंदरांना टोचले, तर मरणासन्न उंदरांच्या पोटातून प्लाझ्मिडवाले जास्त निघाले. मिश्रणात लोह घातल्यावर मात्र त्यांची आघाडी संपली. म्हणजे फायदा विषाचा नव्हता, लोह मिळवण्याचा होता. प्लाझ्मिडवर एरोबॅक्टिनचे जीन निघाले. या जंतूंकडे एन्टेरोबॅक्टिन होतंच, तरी त्यांना दुबळं हत्यार वापरण्यात फायदा होता.

इथून खरा वाद सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं, तुलनाच चुकीची आहे. ४९ हा आकडा एन्टेरोबॅक्टिनमधल्या, लोह धरणाऱ्या कॅटेकॉल गटांचे सगळे प्रोटॉन निघून गेलेत असं धरून येतो. रक्ताच्या ७.४ पीएचला ते बरेचसे जागेवरच असतात. हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही, कारण ही दुरुस्ती करूनही एन्टेरोबॅक्टिन ट्रान्सफेरिनच्या बरंच पुढे राहतं. मला जास्त पटतं ते १९८० च्या दशकातलं उत्तर: सीरममधलं अल्ब्युमिन एन्टेरोबॅक्टिनच्या जलविरोधी कड्यांना धरून बसतं आणि ट्रान्सफेरिनकडून लोह घेण्याचं त्याचं काम मंदावतं. एरोबॅक्टिनला हा त्रास फारसा होत नाही. शिवाय एन्टेरोबॅक्टिन आत गेल्यावर लोह सुटण्यासाठी एन्झाइमने त्याचं कडं तोडावं लागतं, म्हणजे रेणू एकदाच कामाचा. एरोबॅक्टिन पुन्हा वापरता येतं.

सिडेरोफोर शोधायची १९८७ पासूनची सीएएस प्लेटही हा भेद सांगत नाही. निळ्या अगारवर वसाहतीभोवती नारिंगी कडं उमटतं, एवढंच. ते सीरममध्ये काय होईल याची हमी नाही. त्यासाठी ट्रान्सफेरिन आणि अल्ब्युमिन घातलेल्या माध्यमात वाढवून पाहावं लागतं, तेही काचसामान आम्लाने धुऊन. नाहीतर काचेवरचं लोहच जंतूंना पुरतं आणि ते सिडेरोफोर बनवतच नाहीत.

२००२ मध्ये चित्र आणखी बदललं. शरीराचं लिपोकॅलिन-२ हे प्रथिन एन्टेरोबॅक्टिनलाच पकडून निकामी करतं असं कळलं, आणि २००४ मध्ये ते नसलेले उंदीर ई. कोलायला सहज बळी पडले. साल्मोनेला यावर एन्टेरोबॅक्टिनला ग्लुकोज चिकटवून साल्मोकेलिन करतो; ते लिपोकॅलिनच्या खोबणीत बसत नाही. एरोबॅक्टिनही बसत नाही. अल्ब्युमिनवाले आणि लिपोकॅलिनवाले दोघेही आपलंच कारण मुख्य म्हणून पुढे करतात. अल्ब्युमिनवाल्यांचा पुरावा आधीचा आहे आणि तो हल्ली उगाच विसरला जातो.

अतिआक्रमक क्लेबसिएला अनेक सिडेरोफोर बनवतो. त्याची एरोबॅक्टिन बनवण्याची क्षमता काढून घेतली तर उंदरांतली मारकता बरीच घटते. इतर एकेक काढल्याने तितका फरक पडत नाही. म्हणून `iucA`. आता कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देण्याचे आणि एरोबॅक्टिनचे जीन एकाच प्लाझ्मिडवर आलेले प्रकारही सापडू लागले आहेत. मात्र `iucA` सापडला की जंतू अतिआक्रमकच, असं धरता येत नाही, कारण अशा मिश्र प्रकारांतले काही उंदरांत सौम्यच निघतात.