एकाच बिलावरची आठ मशिनं, मग चार नंबरच का अडकतं?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या कुठल्याही सायबर कॅफेत तासभर बसलं की हे ऐकू येतं : "दादा, चार नंबर नको, ते अडकतंय की!" मालक म्हणतो, सगळी मशिनं सारखीच आहेत, एकाच दिवशी बेळगावातून आणली. पोरं मात्र बरोबर बोलत असतात. हे टिपण अशा मालकांसाठी आहे. मशिन साधारण असं धरलंय : रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि गिऱ्हाइकं मुख्यतः व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणारी.

आधी 'अडकणं' म्हणजे काय ते पाहू. गेम पडद्यावर एकामागून एक चित्रं काढतो, त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदात निघाल्या. त्यांचे झाले ८८५. उरलेली एक फ्रेम ११५ मिलिसेकंद रखडली. कोपऱ्यातला आकडा ६० च दाखवणार, पण नेमका समोरचा खेळाडू भिंतीआडून बाहेर येताना चित्र थिजलं, तर पोरगं चिडणारच. म्हणून एफपीएसच्या सरासरीवर भिस्त ठेवू नका. फ्रेम सारख्या अंतरानं पडतायत का, ते बघा. व्हॅलोरंटच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली स्टॅट्सचा भाग आहे. तिथं फ्रेमच्या वेळेचा आलेख चालू करा. रेघ सपाट असेल तर मशिन ठीक, मधेच सुळके उठत असतील तर तिथंच ते अडकतंय.

या मशिनांत सुळक्यांचं पहिलं कारण बहुतेक वेळा रॅममध्ये सापडतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. इथं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात आहे आणि तो साध्या रॅममधूनच काम भागवतो. प्रोसेसरही तिथूनच माहिती उचलतो. २६६६ वेगाची एकच डीडीआर४ स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती देऊ शकते, कारण एका वेळी ८ बाइट आणि सेकंदाला २६६ कोटी ६० लाख वेळा. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर बसवल्या की तोच आकडा ४२.६ होतो. एका नळाखाली दोन घागरी लावायच्या की प्रत्येकीला वेगळा नळ द्यायचा, एवढाच हा फरक, पण गेममध्ये तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. म्हणून या मशिनात ८ जीबीची एक स्टिक घालण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन केव्हाही बऱ्या. ऐपत असेल तर ८ च्या दोन घ्या, कारण ग्राफिक्ससाठी २ जीबी बाजूला काढले की ८ मधले विंडोजला सुमारे ६ च उरतात. त्यात गेमच्या मागं ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या असल्या की विंडोज डिस्कवर सामान हलवायला लागतं आणि आलेखात पुन्हा सुळके येतात.

चार नंबरचं मशिन तपासायला झाकण उघडायची गरज नाही. पॉवरशेल उघडून एवढंच टाइप करा :

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed
```

चांगल्या मशिनावर दोन ओळी येतील आणि वेग २६६६ दिसेल. चार नंबरवर एकच ओळ आली, तर दुसरी स्टिक नीट बसलेली नाही किंवा खराब झालीय. मशिन बंद करा, वायर काढा, स्टिक काढून तिचे सोनेरी काठ कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि दोन्ही टोकं खटकन बसेपर्यंत दाबा. बोर्डावर चार खाचे असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत स्टिक लावतात, पण बोर्डाचं पुस्तक एकदा बघाच. शेजारशेजारच्या दोन खाचांत लावल्या, तर दोन ओळी दिसूनही चॅनेल एकच राहू शकतो. सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पानावर चॅनेल एक आहे की दोन, ते कळतं.

ओळी दोन आहेत, पण वेग २१३३ दिसतोय? मग बायोसची सेटिंग पुसली गेली असणार. लाईट वारंवार जाते तिथं हे हमखास होतं. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली, की वीज गेल्यावर बायोस मूळ पदावर येतो. खूण सोपी आहे : घड्याळही चुकलेलं असतं. बॅटरी बदला, मग रॅमचा वेग आणि ग्राफिक्ससाठी राखलेली मेमरी पुन्हा लावा. नुसती सेटिंग केलीत, तर पुढच्या लोडशेडिंगला परत तेच.

रॅम जागेवर आली की फ्रेमना मर्यादा घाला. पुष्कळ मालकांना हा सल्ला उलटा वाटतो. पण या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना मिळून ६५ वॉटच्या आसपास वाटून घ्यायचे असतात. मोकळं सोडलं, तर शांत जागी गेम १२० फ्रेम काढतो, चिप तापते आणि ऐन गोळीबारात ५५ वर कोसळतो. सगळ्यात गजबजलेल्या प्रसंगी मशिन जेवढ्या फ्रेम टिकवतं, त्याच्या आसपास मर्यादा ठेवा, समजा ७५. काउंटर-स्ट्राइक २ च्या कन्सोलमध्ये त्यासाठी हे लिहायचं :

```
fps_max 75
```

व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्येच ही मर्यादा आहे. यानं माउसचा प्रतिसाद किंचित मंदावतो, हे खरं. रँक्ड खेळणारा एखादा मुरलेला पोरगा मर्यादा काढायला सांगेल, त्याला खुशाल काढू द्या. तरीही ७५ टिकत नसतील तर रिझोल्युशन उतरवा. १९२०×१०८० मध्ये १२८०×७२० च्या सव्वादोन पट ठिपके रंगवावे लागतात, त्यामुळे एवढा मोठा उतारा दुसऱ्या कुठल्याही सेटिंगमध्ये मिळत नाही.

आता उरलं ते इंटरनेटचं अडकणं. त्याची लक्षणं वेगळी. चित्र सुरळीत फिरतं, फ्रेमची रेघ सपाट असते, पण मारलेली गोळी लागत नाही आणि समोरचा माणूस उडी मारल्यासारखा जागा बदलतो. त्यात सगळी मशिनं एकदम अडकली, तर रॅमला हात लावू नका. एका मशिनावर हे चालू ठेवा :

```
ping -t 8.8.8.8
```

मग दुसऱ्या मशिनावर मोठं डाउनलोड लावा. ३० मिलिसेकंदांचा आकडा २०० वर गेला, तर राउटरमध्ये माहितीच्या पाकिटांची रांग साचतेय. लाइन १०० एमबीपीएसची असली तरी एकच अपडेट ती सगळी भरून टाकतं, आणि गेमची चिमुकली पाकिटं त्या रांगेत मागं उभी राहतात. जास्त वेगाचा प्लॅन घेऊनही हे फारसं सुटत नाही, कारण अपडेट नवीन वेगही तसाच खाऊन टाकतं. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाची माहिती आधी जाईल ते ठरवायची सोय असेल तर एकूण वेग लाइनच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. नसेल तर स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये प्रत्येक मशिनाला वेगाची मर्यादा द्या.

त्याच सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कवरून गेमच्या फाइल पाठवायची सोय आहे. ती सगळ्यांना खुली केली, की काउंटर-स्ट्राइकचं अपडेट सकाळी कॅफे उघडायच्या आधी एका मशिनावर उतरवायचं आणि बाकीची सात मशिनं ते स्विचवरूनच उचलतात. त्यासाठी पहिलं मशिन चालू आणि स्टीममध्ये लॉग-इन असायला हवं, आणि सगळी मशिनं वायफायवर नव्हे, वायरीवर हवीत. व्हॅलोरंट स्टीमवर नाही, त्याचं अपडेट प्रत्येक मशिनावर वेगळं उतरतं. म्हणून तेही सकाळीच उरकून घ्या.