पिळलेल्या खडूतली तिरकी रेघ

एक नवा खडू दोन्ही टोकांना धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा हळूच पिळा. कट्कन तुटेल. आता तुटलेला भाग नीट बघा. खडू आडवा सरळ तुटलेला नसतो, तर त्याच्या अंगाभोवती स्क्रूच्या आट्यासारखी चढत गेलेली, साधारण ४५ अंशांची तिरकी चीर दिसते. आपण तर ओढलं कुठेच नव्हतं, नुसतं पिळलं होतं. पण ताणला गेल्यावर खडू जसा तुटतो, तसाच तो त्या तिरक्या रेषेवर तुटला.

कारण पिळणं म्हणजे वेश बदललेलं ओढणंच आहे. खडूच्या पृष्ठभागावर एक छोटा चौकोन काढला, तर पिळल्यावर तो कलतो. त्याचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. म्हणजे एका कर्णाच्या दिशेने ओढ आणि दुसऱ्याच्या दिशेने तेवढाच दाब.

पदार्थ ओढीला किती दाद देत नाही, हे यंग मापांक E सांगतो. कलण्याला किती विरोध करतो, हे दृढता मापांक G सांगतो. खडूकडे पाहिलं की या दोन गोष्टी वेगळ्या असूच शकत नाहीत हे लक्षात येतं. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पॉयसाँ गुणोत्तर ν. वस्तू ओढली की ती बारीक होते. पोलादाची लांबी १ टक्का वाढवता आली, तर जाडी सुमारे ०.२९ टक्के घटेल. हे ०.२९ म्हणजेच पोलादाचं ν.

आता चौकोनाचा हिशोब करू. चौकोनाला कलवणारं, दर एकक क्षेत्रफळावरचं बल, म्हणजे कर्तन प्रतिबल, τ असेल, तर कर्णावरची ओढही τ इतकीच असते. या ओढीमुळे कर्ण τ/E या प्रमाणात लांबतो. शिवाय दुसऱ्या कर्णावरच्या दाबामुळे पदार्थ बाजूला फुगतो आणि पहिला कर्ण आणखी ντ/E ने लांबतो. दुसरीकडे, नुसत्या भूमितीतून कळतं की कर्णाचं लांबण्याचं प्रमाण चौकोनाच्या कलण्याच्या निम्मं असतं, म्हणजे τ/2G. दोन्ही उत्तरं एकाच कर्णाची, म्हणून ती सारखीच हवीत:

E = 2G(1 + ν)

तिसरा मापांक मिळवणं याहून सोपं. घन सगळ्या बाजूंनी p दाबाने दाबला, तर प्रत्येक कड p/E ने आखडते, पण उरलेल्या दोन दिशांचे दाब तिला 2νp/E ने लांबवतात. तीन कडा मिळून घनफळातली घट 3p(1 − 2ν)/E. सगळीकडून दाबण्याला पदार्थ किती विरोध करतो, हे घन मापांक K सांगतो, म्हणजे p भागिले घनफळातली ही घट. म्हणून:

E = 3K(1 − 2ν)

चारपैकी दोन मोजा, उरलेले दोन कागदावर काढा. पण नेमकी मेख इथेच आहे. कोणते दोन मोजता, यावर सगळं अवलंबून असतं.

पोलादाची पट्टी ओढून E = २०० आणि पिळून G = ७७.५ गिगापास्कल मिळालं असं धरा. ν = E/2G − 1, म्हणजे ०.२९, आणि त्यावरून K सुमारे १५९. आता समजा E मोजताना १ टक्का जास्त आलं आणि G १ टक्का कमी. प्रयोगशाळेत एवढं चालतंच. मग २०२ आणि ७६.७ वरून ν येतं ०.३१७ आणि K थेट १८४! एकेका टक्क्याच्या चुकीने घन मापांक १६ टक्क्यांनी बिघडला. ही वजाबाकीची करणी: १.२९ मधून १ वजा केला की चूक तेवढीच राहते, पण ज्याच्यात ती आहे तो आकडा लहान होतो. (1 − 2ν) मध्ये तेच पुन्हा घडतं.

रबराच्या बाबतीत तर ही वाट बंदच होते. त्याचं ν ०.५ ला जवळजवळ चिकटलेलं असतं. E १.५ मेगापास्कल घेतलं, तर ν = ०.४९९ धरून K येतं २५०, आणि ०.४९९९ धरलं तर २५०० मेगापास्कल. चौथ्या दशांश स्थळावर दसपट फरक! म्हणून रबराचा K हवा असेल, तर त्याला सगळीकडून दाबून तो थेटच मोजावा लागतो.

आणि हे सगळं समदिक पदार्थांपुरतं, म्हणजे ज्यांचे गुण सगळ्या दिशांना सारखे असतात त्यांच्यासाठी. हिशोबात आपण दोन्ही कर्णांना गुपचूप एकच E आणि एकच ν लावलं होतं, ते आठवा. ही अट पाळली जाते का, ते ताडायची युक्ती सूत्रातच आहे. स्थिर समदिक पदार्थाचं ν ०.५ च्या वर जाऊच शकत नाही. लाकडाचं तंतूंच्या दिशेने E समजा १२ आणि G ०.८ गिगापास्कल मोजलं, तर सूत्र ν = ६.५ असं उत्तर देतं. इथे मोजणाऱ्याचा दोष नाही. लाकूड तंतूंच्या दिशेने ताठ असतं, पण तंतू एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून एका दिशेचं E दुसऱ्या दिशेला लावता येत नाही.