आरटीई : सोडतीनंतरची गाळणी

“आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला म्हणजे प्रवेश झालाच ना?”

नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्यानुसार खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात आणि त्या सोडतीने भरतात. महाराष्ट्रात सोडतीनंतर पडताळणी समिती मूळ कागद बघते, आणि खरी गळती तिथेच होते. बहुतेकदा नडतो तो पत्ता. अर्जात नकाशावर घराची खूण पालकच लावतात आणि एक किलोमीटरच्या आतल्या अर्जांना प्राधान्य मिळतं. समजा, घर दीड किलोमीटरवर आहे, पण सायबर कॅफेवाल्याने खूण शाळेजवळ सरकवली. सोडतीत नाव येतं. भाडेकरारावरचा पत्ता मात्र वेगळंच सांगतो आणि प्रवेश रद्द होतो. भाडेकरूंचे हाल तर विचारूच नका: करार नोंदणीकृत लागतो आणि झोपडपट्टीतला घरमालक तो सहसा करून देत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी जागा राखल्या, तेच कागदाअभावी बाहेर. अर्ज भरताना खूण स्वतः तपासा, स्क्रीनवरचं अंतर वाचा.

प्रवेश मिळाला तरी शुल्कमाफी आठवीपर्यंतच, कारण २००९चा कायदाच ६ ते १४ वयोगटासाठी आहे. नववीला शाळा पूर्ण फी मागते, तेव्हा पालकांना धक्का बसतो. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तर हा २५ टक्क्यांचा नियम लागूच नाही.