कीवर्ड संशोधन (व्हिडिओ शोध)

प्रेक्षक यूट्यूबच्या शोधपेटीत नेमके कोणते शब्द टाकतात हे हुडकायचे आणि त्यांपैकी ज्यांना आधीच्या चॅनेलांनी नीट उत्तर दिलेले नाही असे शब्द निवडून व्हिडिओ करायचा, अशी ही पद्धत आहे. तिच्यात दोन पुरावे लागतात. प्रश्न विचारला जातो, याचा पुरावा शोधपेटीखाली उघडणाऱ्या सूचनांमध्ये मिळतो. त्याला उत्तर मिळत नाही, याचा पुरावा निकालांच्या पानावर असतो. दोन्ही हाती असतील तरच त्याला ‘गॅप’ म्हणता येते. एकट्या पुराव्यावर केलेले व्हिडिओ बहुधा पडून राहतात.

अक्षरे टाइप होत असतानाच पुढचे शब्द सुचवण्याची सोय गूगलने 2004 साली प्रयोग म्हणून आणली. यूट्यूबवरच्या सूचना मुख्यतः इतरांनी केलेल्या शोधांतून येतात. भाषा, देश आणि तुमचा स्वतःचा इतिहास यांचाही त्यांवर परिणाम होतो. म्हणून खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत काम करावे. सूचनेआधी घड्याळाचे चिन्ह दिसले तर तो तुमचाच जुना शोध आहे, लोकांचा नव्हे. आपल्याच विषयावर महिनाभर शोध घेत बसलेला माणूस खात्यात राहून यादी काढतो, तेव्हा त्याला जगाऐवजी आरसा दिसत असतो.

इंग्रजी मार्गदर्शनात ‘हाउ टू’ आधी लिहून पुढे विषय टाकायला सांगतात. मराठीत ते फारसे चालत नाही, कारण आपल्या वाक्यात विषय आधी येतो आणि ‘कसे’, ‘कुठे’, ‘किती’ मागून येतात. तेव्हा आधी विषयाचे नाव, मग एक मोकळी जागा, मग एकेक अक्षर असा क्रम धरावा: देवनागरीत क, का, कि असे बाराखडीने, रोमनमध्ये a पासून z पर्यंत. सर्वांत जास्त माल ‘नाही’मध्ये असतो. ‘येत नाही’, ‘होत नाही’, ‘दिसत नाही’ असे लिहिणारा माणूस अडकलेला असतो आणि अडकलेला माणूस व्हिडिओ उघडतोच.

लिपीचा प्रश्न याहून मोठा आहे. तोच मराठी माणूस एकच गोष्ट देवनागरीत बोलून शोधतो, रोमनमध्ये टाइप करतो किंवा अर्धी इंग्रजीत लिहितो, आणि प्रत्येक रूपाखाली वेगळी यादी उघडते. रोमनमध्ये स्पेलिंगही ठरलेले नसते. मराठी विषयांवरच्या बऱ्याच गॅप या विषयाच्या नसून लिपीच्या असतात: उत्तर हजर असते, पण लोक ज्या अक्षरांत विचारतात त्या अक्षरांत नसते.

‘ई-पीक पाहणी’चे उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतातला फोटो जोडून, सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याची ही सोय महाराष्ट्रात 2021 पासून आहे. दर हंगामात ती करावी लागते आणि ॲपची आवृत्ती अधूनमधून बदलते. संशोधन करणारा आधी e pik pahani, e peek pahani आणि ‘ई पीक पाहणी’ या तिन्ही रूपांच्या याद्या तारखेसह उतरवतो. समजा, त्याने त्यांतून तीन ओळी निवडल्या.

पहिली e pik pahani kashi karavi. ती पूर्ण शोधल्यावर याच आठवड्यात, याच शब्दांच्या शीर्षकाने मोठ्या शेतीविषयक चॅनेलांनी टाकलेले पाच व्हिडिओ दिसतात. मागणी भरपूर आहे, पण जागा नाही. दुसरी e pik pahani otp yet nahi. इथे वरचे निकाल ‘संपूर्ण माहिती’ या थाटाचे आहेत: दोन गेल्या वर्षीच्या ॲपवरचे, एक हिंदीत, आणि एकात ओटीपीचा विषय नवव्या मिनिटाला वीस सेकंदांत उरकलेला. शीर्षकात ओटीपी कुठेच नाही. ही खरी गॅप. तिसरी ओळ, मिश्र पिकातल्या एखाद्या दुर्मीळ झाडाच्या नोंदीची, संशोधकाने स्वतःच कल्पून टाकली आहे. तिच्यावर व्हिडिओ नाही आणि सूचनाही येत नाही. नवखे लोक नेमके इथेच फसतात, कारण रिकामे पान त्यांना संधी वाटते, पण त्या रस्त्याने कोणी जात नसण्याचीच शक्यता जास्त असते.

निकालांचे पान वाचताना एकूण दृश्यसंख्येपेक्षा तारीख आणि चॅनेलचा आकार यांची सांगड महत्त्वाची. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओची दोन लाख दृश्ये आजची मागणी सांगत नाहीत. उलट आठशे वर्गणीदारांच्या चॅनेलवर महिन्याभरात वीस हजार दृश्ये झाली असतील तर लोक तो प्रश्न विचारत आहेत आणि त्यांना दुसरे काही सापडलेले नाही, असे समजायला हरकत नाही. त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रियाही वाचाव्यात. ‘सर, माझ्या गटाचा नंबरच दिसत नाही’ असे दहा जणांनी विचारले असेल आणि उत्तर एकालाही नसेल, तर पुढच्या व्हिडिओचे शीर्षक तिथेच तयार आहे. स्पर्धक चॅनेलच्या पानावर ‘लोकप्रिय’ हा क्रम लावला की त्याचे कोणते विषय चालले ते कळते. जे चालले आणि नंतर त्याने अद्ययावत केले नाहीत, ते टिपून ठेवावेत.

स्पर्धा मोजण्यासाठी काही जण यूट्यूबच्या एपीआयमधला, म्हणजे इतर प्रोग्रॅमना यूट्यूबची माहिती देणाऱ्या सोयीतला, एकूण निकालांचा आकडा वापरतात. तो अंदाजी असतो आणि दहा लाखांवर जातच नाही. पहिले दहा निकाल डोळ्यांनी पाहणे त्याहून विश्वासार्ह. विडआयक्यू, ट्यूबबडी यांसारखी साधने शब्दांना गुण देतात, तेही अंदाजच. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब शोध’ हा पर्याय आहे, पण तिथले 0 ते 100 हे आकडे सापेक्ष असतात. हंगामाचा चढउतार पाहायला ते उपयोगी पडतात. मराठीतल्या लांब शब्दओळींसाठी मात्र आलेख बहुतेकदा रिकामाच येतो.

सूचनांनाही मर्यादा आहेत. एखादी ओळ यादीत वर आहे एवढ्यावरून किती जण ती शोधतात ते कळत नाही. हिंसक किंवा अश्लील वाटणाऱ्या सूचना धोरणानुसार काढल्या जातात, म्हणून यादीत नाही याचा अर्थ कोणी विचारत नाही असा नव्हे. शिवाय यादी स्वतःच मागणी घडवते: माणूस ‘e pik pa’ एवढेच टाइप करतो आणि समोर दिसलेल्या ओळीवर बोट ठेवतो, त्याच्या मनात वेगळे शब्द असले तरी.

निवडलेली ओळ शीर्षकात जाते. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा असल्याने ‘ई पीक पाहणी ओटीपी येत नाही | e pik pahani otp yet nahi’ अशी दोन्ही रूपे सहज बसतात. टॅगचा शोधातला वाटा नगण्य असल्याचे यूट्यूब स्वतःच सांगते. चुकीच्या किंवा निरनिराळ्या स्पेलिंगसाठी तेवढे ते कामाचे, आणि रोमन मराठीला नेमकी तीच गरज असते. उत्तर मात्र पहिल्या मिनिटात यायला हवे, नाहीतर नवव्या मिनिटाची जुनी तक्रार नव्या व्हिडिओलाही लागू होते.

निवड बरोबर होती का, हे काही आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत दिसते. प्रेक्षक कुठून आले या अहवालात ‘यूट्यूब शोध’ उघडला की त्यांनी टाकलेले प्रत्यक्ष शब्द मिळतात. तिथे ओटीपीऐवजी ‘login hot nahi’ वर आले तर शीर्षक त्याप्रमाणे बदलतात. शोधातून आलेली दृश्ये मुळातच थोडी असतील तर दोष शब्दांचाच असतो असे नाही: करमणुकीच्या व्हिडिओंना प्रेक्षक मुख्यतः मुखपृष्ठ आणि शेजारच्या शिफारशींमधून मिळतात, तिथे या संशोधनाचा उपयोग थोडाच. आणि सापडलेली गॅप फार काळ उघडी राहत नाही, कारण तीच यादी इतरांनाही दिसत असते. ई-पीक पाहणीच्या बाबतीत पुढच्या हंगामात ॲप बदलले की ती पुन्हा उघडते.