वहीत लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हे आलं कुठून?

जळगावकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातली अकरावीची पोरं मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी एक प्रयोग करणार आहेत, वर्गातल्याच ज्यांनी हो म्हटलंय अशा 24 जणांवर, की नोट्स वहीत काढल्या तर जास्त लक्षात राहतं का टाइप केल्या तर. उत्तर त्यांना आधीच माहितीये म्हणे. "सर, हाताने लिहिलेलंच राहतं, रीलमध्ये पाहिलंय." मग म्हटलं आधी हे रीलमधलं उत्तर कुठून आलं ते बघू, कारण प्रयोग कसा मांडायचा ते त्यातूनच ठरणार होतं.

तसा नोट्सचा अभ्यास जुना आहे. 1925 मध्ये क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने कॉलेजच्या पोरांच्या नोट्स आणि त्यांचे परीक्षेचे पेपर समोरासमोर ठेवून ताडून पाहिले होते, म्हणजे नोट्समध्ये जे आलं ते पेपरात किती येतं. पण खरा कामाचा मुद्दा 1972 मध्ये डिव्हेस्टा आणि ग्रे यांनी मांडला. नोट्सचे दोन उपयोग असतात, एक तर लिहिताना डोक्यात काहीतरी मुरतं, आणि दुसरा, नंतर वाचायला कागद हातात राहतो. हे दोन वेगळे धरले नाहीत की सगळा घोळ होतो, कारण लिहून लगेच परीक्षा घेतली तर फक्त पहिला उपयोग मोजला जातो, आणि आठवड्याने नोट्स वाचू देऊन घेतली तर दोन्ही एकत्र येतात.

आता तो गाजलेला पेपर. 2014, म्युलर आणि ओपनहाइमर. सुरुवात अशी झाली म्हणतात की म्युलर ओपनहाइमरच्या क्लासला मदतनीस होती, एक दिवस लॅपटॉप घरी राहिला, पेनाने नोट्स काढल्या आणि तिला वाटलं आज जास्त कळलं. मग त्यांनी प्रिन्स्टनच्या 67 विद्यार्थ्यांना टेड टॉकचे व्हिडिओ दाखवले, काहींना वही-पेन, काहींना इंटरनेट बंद केलेला लॅपटॉप, मध्ये साधारण अर्धा तास दुसरीच कामं दिली आणि मग प्रश्न विचारले. नुसत्या माहितीच्या प्रश्नांत, म्हणजे साल कोणतं, किती टक्के, यात दोन्ही गट सारखेच. फरक आला तो समजुतीच्या प्रश्नांत, हे असं का आणि ते तसं का, तिथे वहीवाले पुढे.

कारण त्यांनी शोधलं ते शब्दांत. लॅपटॉपवाल्यांनी सरासरी 310 च्या आसपास शब्द घेतले आणि वहीवाल्यांनी 173 च्या आसपास. टाइप करणारा बोलणाऱ्याचंच वाक्य जसंच्या तसं उतरवत जातो, तर हाताने लिहिणाऱ्याला तेवढं जमतच नाही म्हणून तो झक मारून थोडक्यात करतो, आणि थोडक्यात करायचं तर आधी कळावं लागतं. दुसऱ्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना मुद्दाम सांगितलं की शब्दशः घेऊ नका, तरी त्यांनी घेतलंच! म्हणजे पेनात काही जादू नाही, हात हळू चालतो ही खरी गोष्ट. हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

पुढे काय झालं तेही सांगत नाही. 2019 मध्ये मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, त्यात एक नोट्सच न काढणारा गटही ठेवला, आणि फरक काही ठामपणे येईना. 2021 मध्ये हेदर उरी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा केला, लॅपटॉपवर 74, वहीवर 68. लॅपटॉपवाल्यांचे शब्द जास्तच, शब्दशः उतरवणंही जास्तच, तेवढं जुळलं, पण परीक्षेत दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे साखळीची पहिली कडी पक्की आहे आणि दुसरी डळमळीत. नंतर सगळे अभ्यास एकत्र करून जी बेरीज झाली त्यात वहीकडे थोडासा झुकाव दिसतो, पण थोडासाच.

आता आपल्याकडे या. ती अमेरिकन पोरं दहा बोटांनी इंग्रजी धडाधड टाइप करणारी. आमच्या पोरांनी मराठी टायपिंग शिकलेलंच नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सरकारने 1986 मध्येच आणला तरी तो मोजक्यांनाच माहीत. बाकी सगळे मोबाइलवर रोमन अक्षरांत मारतात आणि कीबोर्ड मराठी करून देतो. त्यात गंमत म्हणजे keli टाइप केलं की केली पण तेच आणि केळी पण तेच, आणि रावेर-यावलच्या पोराला दिवसातून दहा वेळा केळीच लिहायची असते. शब्द निवडण्यात लक्ष जातं, तेवढ्यात शिकवणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. म्हणजे आमच्याकडे टाइप करणाराच हळू असेल! मग 2014 ची कल्पना खरी असेल तर आमच्याकडे फरक मिटायला किंवा उलटायला पाहिजे, आणि नाही उलटला तर कारण भलतंच काहीतरी आहे. मला विचाराल तर या प्रयोगात बघण्यासारखं तेवढंच आहे.

म्हणून पहिलं काम, प्रत्येकाचा दोन मिनिटांत हाताने किती शब्द आणि टाइप करून किती शब्द हे आधीच मोजून ठेवायचं. आणि नोट्सचे कागद-फाइली फेकायच्या नाहीत, नंतर रेकॉर्डिंगशी ताडून किती शब्द ओळीने जसेच्या तसे आलेत ते मोजायचं.

विषयावरून पण वाद झाला. एकीने सुचवलं की केळीच्या टिश्यू कल्चरवर लेक्चर ठेवू. नको, कारण अर्ध्या वर्गाच्या घरी तेच चालतं, त्यांना लेक्चर न ऐकताच उत्तरं येतील. शेवटी मधमाशीचा नाच आणि दीपगृहं असे दोन विषय घेतले, दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटांचे, एकाच मॅडमच्या आवाजात रेकॉर्ड केलेले. प्रत्येक पोरगं एक विषय वहीत घेणार आणि एक टाइप करणार, सहा-सहाचे चार गट, म्हणजे कोणता विषय आधी आणि कोणती पद्धत आधी हे सगळं उलटसुलट होऊन जातं. उत्तरं तोंडी घेऊन दुसऱ्याने लिहायची आणि तपासणाऱ्याला फक्त कोड नंबर दिसणार, नाहीतर मैत्रिणीला अर्धा मार्क सुटतोच.

24 जण पुरतात का? खरं सांगायचं तर नाही. सगळ्या अभ्यासांच्या बेरजेत दिसतो तसा बारका फरक पकडायला, प्रत्येकाची स्वतःशीच तुलना केली तरी ढोबळ हिशोबाने सव्वाशेच्या आसपास पोरं लागतात, आणि दोन वेगळे गट केले तर प्रत्येकी अडीचशे. 24 मध्ये फक्त चांगला ठळक फरक दिसेल. म्हणून "फरक आला नाही" आणि "फरक नसतो" ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे रिपोर्टात आधीच लिहून ठेवलंय.

संमतीचं राहिलंच. आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांत अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही सांगितलंय. आम्ही फॉर्म मराठीत केला, पण दोघांच्या आज्या म्हणाल्या अहिराणीत सांग, तेव्हा पोरांनी घरी बसून सांगितलं. फॉर्म माझ्याकडे द्यायचे नाहीत असं ठरलं, कारण मार्क मीच देतो, मला नाही म्हणायला कोणाची जीभ रेटणार? ते ग्रंथपालांकडे जातात. ज्यांनी नाही म्हटलं ते त्या तासाला लायब्ररीत बसतील, आणि मधूनच सोडायचं असेल तर कारण विचारणार नाही.

प्रत्येकाचा अंदाज, कोण पुढे आणि का, चिठ्ठीवर लिहून एका पाकिटात घातलाय आणि पाकीट ग्रंथपालांच्याच कपाटात आहे. 24 पैकी 19 जणांनी वही लिहिलंय, पण टायपिंग मोजायच्या आधी.